चौथा रकाना

मंगळवार, ११ मार्च १९८६. पाणी पावणेसातला आलं, साडेसातला गेलं. धोब्याकडून सात कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी. वन्सं सहा दहाला घरी. चहा घेतला नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "साहेबांनी आज पानं मोठी करून मागितली." निळी शाई संपली.

त्या दिवसाची माझी नोंद एवढीच आहे. पुढच्या वीस दिवसांतल्या बहुतेक नोंदी मात्र लांबलचक आहेत. वन्संबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की "वेळ झाला नाही" म्हणायच्या, आणि समोरचा हसला तरी स्वतः हसायच्या नाहीत. हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. मी रोज डायरी लिहिते म्हणून त्या मला 'चित्रगुप्त' म्हणायच्या. "काय चित्रगुप्त, आज माझ्या खात्यात काय मांडलंत?" असं विचारत चप्पल काढायच्या. माझं नाव त्यांनी शेवटचं कधी घेतलं ते मला आठवत नाही.

त्या तुतीच्या संशोधन केंद्रात होत्या. तुतीचा पाला रेशमाचे किडे खातात, म्हणून झुडपाला किती पाला येतो आणि एकेक पान केवढं असतं, याला तिथे महत्त्व. पान केवढं हे मोजण्याचं काम वन्संचं. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. उत्तरेकडच्या खिडकीशी लांब टेबल, टेबलावर जाड काच, काचेखाली दिवा. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेली दुसरी मोजणारी. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. खरं म्हणजे चष्मा वन्संनाही होता, पण त्यांना तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

काम सांगायला सोपं. शेंड्यापासून पाचवं पान तोडायचं. देठ कापून टाकायचा, कारण देठ किडा खात नाही. पान ग्राफ पेपरवर सपाट दाबायचं आणि टोकदार पेन्सिल सरळ उभी धरून कडेकडेनं रेघ फिरवायची. पेन्सिल जरा कलली की पान फुगतं. मग पान उचलून ठेवायचं आणि आतले चौकोन मोजायचे. एक चौकोन म्हणजे एक चौरस सेंटिमीटर. अख्खाच्या अख्खा आत असलेला चौकोन एक धरायचा. रेघ ज्यांच्यामधून जाते ते अर्धवट. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तर तोही एक. बरोबर अर्धा असेल तर अर्धा. अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा.

मी एकदा म्हटलं होतं, "म्हणजे कुणाला फुकट द्यायचं आणि कुणाचं हिसकावून घ्यायचं. हा कसला हिशेब?"

"बरोबर तेवढंच दिलं आणि तेवढंच घेतलं की हिशेब जुळतो," वन्सं म्हणाल्या. "एका चौकोनात पाऊण पान असतं, मी त्याला एक म्हणते. दुसऱ्यात पाव असतं, त्याला शून्य म्हणते. दोन्ही मिळून एकच होतात की नाही? प्रत्येक चौकोनात चूक आहे. सगळ्या पानात जवळजवळ नाही."

त्यांच्या रजिस्टरात प्रत्येक पानापुढे चार रकाने असत. पूर्ण, अर्ध्याहून जास्त, बरोबर अर्धे, अर्ध्याहून कमी. चौथ्या रकान्यातला आकडा बेरजेत कधीच जात नसे. तो लिहायचा तो एवढ्यासाठीच, की कडेवरचा एकही चौकोन नजरेतून सुटला नाही हे दिसावं. पानाच्या तळाशी मोजणाऱ्याची सही. सहीशिवाय आकडा खोलीबाहेर जात नसे. हा दंडक वन्संनीच घालून घेतला होता, आणि तोच आता त्यांच्या मानेवर बसला.

केंद्राचे साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वन्संनी ते मला दोनदा बजावलं होतं. त्यांनी सहा वर्षं खपून तुतीचा एक नवीन वाण तयार केला होता. त्याचं पान पंजासारखं खोल चिरलेलं, म्हणून खोलीत त्याला 'कातरी' म्हणत. जुना वाण होता त्याचं पान गोलसर, कड सरळ. त्याला 'साधी' म्हणत. महिनाअखेरीच्या आत समिती येणार होती. कातरीचं पान मोठं ठरलं तर साधीचे चार एकर उपटून तिथे कातरी लावायची होती. डोळ्यांना कातरी मोठीच दिसायची. हातात धरली तर तळवा भरून बाहेर यायची. आणि वन्संचा आकडा सांगत होता की ती लहान आहे.

त्या मंगळवारी साहेब रजिस्टर घेऊन खिडकीशी आले.

"ताई, हा चौथा रकाना बेरजेत का नाही?"

"नियम नाही म्हणून."

"पण पान त्या चौकोनात आहे ना? थोडं का होईना, आहेच. किडा काय अर्ध्याहून कमी पान सोडून देतो?"

चष्मेवाली हसली. वन्सं हसल्या नाहीत.

"यापुढे रेघ लागली की चौकोन धरायचा," साहेब म्हणाले. "मोजायलाही सोपं. अर्धा की जास्त यावर डोळे फोडायला नकोत. आणि मी फक्त कातरीला तसं करा म्हणत नाही. साधीलाही तेच. नियम दोघींना सारखा असला की अन्याय कुणावर?"

चूक आहे हे वन्संच्या हाताला कळत होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं. चहा न घेण्याचं कारण ते होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्याच पद्धतीनं बेरीज करून रजिस्टर पाठवलं. ते परत आलं. बेरजेवर लाल रेघ, बाजूला नवीन बेरीज आणि तिच्याखाली सहीसाठी कोरी जागा. सोबत निरोप, की सही करून पाठवा. वन्संनी तसंच कोरं पाठवून दिलं. गुरुवारी पुन्हा आलं, शुक्रवारी पुन्हा. शिपाई म्हणाला, "ताई, या रजिस्टराला आता पाय फुटलेत, ते एकटंच येईल जाईल."

शनिवारी साहेबांनी बोलावून घेतलं. एकतीस मार्चला वन्संना अठ्ठावन्न पूर्ण होत होती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळायची असली तर साहेबांची शिफारस लागत होती. कागद टेबलावर होता, भरलेला. फक्त त्यांची सही राहिली होती.

"तुमची सही आली की माझीही होईल," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट जरा अवघडल्यासारखेच बोलले.

वन्सं घरी आल्या आणि मला हे सगळं भाजी चिरता चिरता सांगितलं. पैशाची अडचण आम्हाला नव्हती. पण त्या खिडकीवाचून वन्सं दिवसभर काय करतील, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. रविवारी सुद्धा जेवणानंतर त्यांचा हात टेबलावर काहीतरी गिरवत असायचा.

"करून टाका की सही," मी म्हटलं. "दोघींना एकच नियम आहे म्हणतात ना."

"तूसुद्धा?" त्या म्हणाल्या.

रविवार, १६ मार्चची माझी नोंद दीड पान आहे. दुपारी वन्संनी ग्राफ पेपरचे दोन मोठे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि मला म्हणाल्या, "हात ठेव. बोटं मिटून."

"कशाला?"

"पान म्हणून. तू कधीतरी माझ्या कामाला ये."

मी बोटं जुळवून हात ठेवला. अंगठाही चिकटवून घेतला. त्यांनी पेन्सिल उभी धरून मनगटापर्यंत रेघ फिरवली. गुदगुल्या झाल्या, मी हात हलवला, शिव्या खाल्ल्या. मग दुसऱ्या कागदावर तोच हात, बोटं फाकून. मनगटाशी रेघ त्याच जागी. मग मला खुर्चीवरून उठवून त्यांनी मोजायला घेतलं. पूर्ण चौकोनात ठिपका, अर्ध्याहून जास्तला बरोबरची खूण, अर्ध्याला तिरपी रेघ, कमीला फुली. आधी आडव्या ओळींनी, मग उभ्या. दोन्ही जुळल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

जुन्या नियमानं मिटलेला हात भरला एकशे अठ्ठावीस, फाकलेला एकशे सत्तावीस.

"एक कुठे गेला?" मी विचारलं.

"तू हललीस तिथे गेला. आता साहेबांच्या नियमानं."

रेघ लागलेला प्रत्येक चौकोन धरून मिटलेला हात झाला एकशे छप्पन्न. फाकलेला एकशे चौऱ्याहत्तर.

वन्संनी पेन्सिल खाली ठेवली. "बोटं फाकली म्हणून तुझ्या हाताला अठरा चौकोनांचं मांस आलं," त्या म्हणाल्या. "फुकट मिळतं ते पानाला नाही मिळत गं, कडेला मिळतं. जिची कड लांब तिला जास्त. साधीची कड सरळ जाते, त्रेचाळीस चौकोनांतून. कातरीची आत-बाहेर करत एकाहत्तर चौकोनांतून. नियम दोघींना सारखा, पण खैरात एकीलाच."

"मग फक्त अख्खे मोजा. म्हणजे कुणालाच खैरात नको."

"तेही नाही चालणार. मग जिची कड लांब तिचंच सगळ्यात जास्त कापलं जाईल. कातरी उगीच मारली जाईल. तिनं माझं काय घोडं मारलंय?"

तोवर चार वाजले होते. त्यांनी चहा स्वतः केला, दोन कप घेतले.

सोमवारी त्यांना लेखी ताकीद मिळाली. कामात अडथळा, वरिष्ठांच्या सूचनेचं पालन नाही, तीन दिवसांत खुलासा द्यावा. वन्संनी खुलासा त्याच दिवशी दिला. मी त्याची नक्कल डायरीत उतरवून घेतली आहे, कारण इतकं छोटं सरकारी पत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. 'मोजणी केली आहे. चारही रकाने भरले आहेत. पहिल्या तिनांच्या बेरजेवर मी सही करते. चौथ्याच्या बेरजेवर करणार नाही. हात फाकून दाखवायला केव्हाही तयार आहे.'

"शेवटचं वाक्य काढा," मी म्हटलं. "त्यांना वाटेल तुम्ही हात उगारताय."

"वाटू दे."

त्या आठवड्यात खोलीत त्यांच्याशी कुणी फारसं बोललं नाही. चष्मेवालीनं नवीन बेरजेवर सही करून दिली. तिला घरी तीन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ती वन्संना म्हणाली, "ताई, मला रागवा, पण तोंड फिरवू नका." वन्सं म्हणाल्या, "सही तुझी आहे, तुझ्या हातानं झाली. मला विचारून झाली नाही, मग मी कशाला रागवू? ती पेन्सिल टोक करून दे." मात्र चष्मेवालीच्या हिश्शाची पानं निम्मीच होती. उरलेल्या निम्म्यांवर सही नव्हती, आणि सहीशिवाय ताळेबंद अपुरा होता.

शुक्रवारी, एकवीस तारखेला समिती आली. तिघेजण. अध्यक्ष एक म्हाताऱ्या बाई होत्या, वनस्पतिशास्त्राच्या जुन्या प्राध्यापक, हातात काठी, एका कानानं कमी ऐकू येणाऱ्या. साहेबांनी तक्ता लावला होता. साधीचं सरासरी पान एकशे दहा, कातरीचं एकशे वीस. बाईंनी तक्ता पाहिला आणि रजिस्टर मागवलं. सह्यांची पानं उलटता उलटता त्या थांबल्या.

"ही अर्धी पानं कोरी का?"

साहेब म्हणाले, "मोजणाऱ्या ताईंचा थोडा मतभेद आहे. जुन्या माणसांना नवीन पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो."

"मी त्यांच्यापेक्षा जुनी आहे," बाई म्हणाल्या. "बोलवा."

वन्संना कुठलाच प्रसंग रंगवून सांगायची सवय नव्हती, म्हणून पुढचं मी चष्मेवालीकडून ऐकलं ते लिहिते. वन्सं रजिस्टर न बघता उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साधीचं एक सरासरीचं पान घ्या. पूर्ण सदुसष्ट, जास्त वीस, अर्धे दोन, कमी एकवीस. माझ्या हिशेबानं अठ्ठ्याऐंशी. कातरीचं घ्या. पूर्ण एकोणपन्नास, जास्त चौतीस, अर्धे दोन, कमी पस्तीस. माझ्या हिशेबानं चौऱ्याऐंशी. साहेबांच्या हिशेबात हे एकवीस आणि पस्तीस आत येतात, आणि अर्धे दोन पुरे दोन होतात. साधी बावीसनं वाढते, कातरी छत्तीसनं. पान तेच आहे."

"मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या.

वन्संनी पुन्हा सगळं सांगितलं, तेवढ्याच आवाजात, पण त्यांच्या दुसऱ्या कानाशी जाऊन.

साहेब म्हणाले, "बाई, अर्ध्याहून जास्त की कमी हे शेवटी नजरेवर असतं. ताईंची नजर साधीच्या बाजूची असू शकते. एकतीस वर्षांची मैत्री आहे."

हे मात्र वन्संना झोंबलं. त्यांनी कोरा ग्राफ पेपर साहेबांसमोर सरकवला. "तुमचा हात ठेवा. एकदा मिटून, एकदा फाकून. मोजायचं तुम्हीच, तुमच्या नियमानं, तुमच्याच नजरेनं. दोन्ही आकडे सारखे आले तर मी सगळ्या पानांवर सही करते आणि आजच घरी जाते."

साहेबांनी हात ठेवला नाही. बाईंनी ठेवला. काठी टेबलाला टेकवून, अंगठी काढून, आधी मिटलेला, मग फाकलेला. रेघ चष्मेवालीनं फिरवली, पेन्सिल एकदा कलली म्हणून पुन्हा फिरवली. समितीच्या दुसऱ्या सभासदांनी मोजलं. खोलीत वीस मिनिटं बोटांनी चौकोन मोजण्याची पुटपुट तेवढी चालू होती. साहेबांच्या नियमानं बाईंचा फाकलेला हात मिटलेल्याहून सोळा चौकोनांनी मोठा निघाला.

"या वयात वाढ," बाई म्हणाल्या आणि अंगठी घातली.

मग त्यांनी आणखी एक केलं. साधीच्या आणि कातरीच्या त्या दोन आकृत्या जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापायला लावल्या, आणि त्याच पुठ्ठ्याचा दहा बाय दहाचा एक चौकोन. तिन्ही प्रयोगशाळेच्या तराजूत टाकले. चौकोन भरला दोन ग्रॅम, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरला दोन ग्रॅम. साधी पावणेदोन ग्रॅम, म्हणजे साडेसत्त्याऐंशी. कातरी एक पूर्णांक एकोणसत्तर, म्हणजे साडेचौऱ्याऐंशी. तराजूला नजर नसते. वन्संच्या दोन्ही आकड्यांत अर्ध्या चौकोनाचा फरक होता.

साधीचे चार एकर राहिले. कातरीला बाजूच्या अर्ध्या एकरात आणखी दोन वर्षं बघायचं ठरलं. ते वन्संनीच सुचवलं म्हणे. पान जरा लहान आहे, पण झुडपाला पानं किती येतात ते अजून कुणी मोजलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

जाताना बाईंनी वन्संना विचारलं, "तुमची मुदतवाढ?"

"साहेबांच्या टेबलावर आहे."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "ताकदीचं प्रकरण चालू आहे. ताईंनी दिलगिरीचे दोन शब्द लिहून दिले की मी लगेच मिटवतो." 'ताकिदीचं' म्हणायच्या घाईत त्यांच्या तोंडून 'ताकदीचं' निघालं, पण कुणी लक्ष दिलं नाही. बाई म्हणाल्या की नेमणुका समितीच्या हातात नाहीत, आणि गाडीत बसल्या.

त्या संध्याकाळी मी वन्संच्या पाठीच लागले. "दोन शब्द तर आहेत. आकडा तुमचाच राहिला ना? आता कशाला ताणता? लिहा, 'वाईट वाटलं' म्हणून. वाईट वाटलंच आहे तुम्हाला."

"कशाचं वाईट वाटलं ते लिहावं लागेल मग."

"वन्सं, खिडकी जाईल तुमची."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता मी लिहून दिलं, की पुढच्या वेळी रजिस्टर कोरं ठेवायची कुणाची हिंमत व्हायची नाही. चष्मेवालीची तर नाहीच. मी दोन वर्षं खिडकीत बसायचं आणि तिनं चौथा रकाना बेरजेत घ्यायचा, असं होणार ते." मग म्हणाल्या, "आणि चित्रगुप्त, तू माझ्या वतीनं रडू नकोस. डायरीत डाग पडतील."

पुढचे दहा दिवस त्या रोज वेळेवर गेल्या. साहेबांनी दोनदा शिपायाकरवी कोरा कागद पाठवला. वन्संनी एकावर ग्राफ पेपरची मागणी लिहून पाठवली, दुसऱ्यावर पेन्सिलींची. अठ्ठावीस तारखेला चष्मेवालीनं आपल्या पानांवरच्या नव्या बेरजा खोडून जुन्या लिहिल्या आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. कुणी सांगितलं नव्हतं. वन्संनी ते मला सांगितलं, आणि लगेच विषय धोब्याकडे वळवला. अभ्रा अजून मिळाला नव्हता.

शेवटच्या दिवशी निरोपाचा समारंभ झाला नाही. त्यांनी त्या दिवशी बावीस पानं मोजली, तळाशी सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर बंद न करता चष्मेवालीकडे सरकवलं. साहेब दारात उभे होते. म्हणाले, "ताई, अजूनही लिहून दिलंत तर मी थांबतो." वन्सं म्हणाल्या, "तुम्ही थांबू नका, बस चुकेल." आणि घरी आल्या.

सोमवार, ३१ मार्च. वन्सं पाच पस्तीसला घरी. चहा दोन कप. गॅसचं सिलिंडर संध्याकाळी संपलं, दुसरं लावलं. मागचं एकेचाळीस दिवस चाललं.